ताप गेला, दम राहिला: हिमोग्लोबिन ९.८ ला कितपत जबाबदार धरायचं?

प्रश्न: बायको वय ४१, आम्ही सांगलीतच राहतो. साडेतीन महिन्यांपूर्वी तिला व्हायरल ताप आला, पाच-सहा दिवसांत गेला. डेंग्यू निगेटिव्ह होता. तेव्हापासून थकवा जात नाही. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वी एका दमात चढायची, आता मधे थांबते. दोनदा ताकदीचं सलाईन लावलं, चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. छातीचा एक्स-रे नॉर्मल. हिमोग्लोबिन ९.८ आहे, पण डॉक्टर म्हणाले बायकांचं एवढं असतंच. हे व्हायरलमुळेच आहे का? की फुफ्फुस, हृदय बघायला हवं? टूडी एको करू का?

उत्तर:

नमस्कार. मी सांगलीत गेली बरीच वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो. पावसाळा संपला की दिवाळीपर्यंत माझ्या ओपीडीत अशीच तक्रार घेऊन रोज कुणी ना कुणी येतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. वहिनींना मी तपासलेलं नाही, म्हणून निदान सांगणार नाही. पण तुम्ही दिलेल्या माहितीत एक आकडा असा आहे की ज्याच्याभोवती सगळा प्रश्न फिरतो, आणि तो म्हणजे ९.८.

या आकड्याचं दोन प्रकारे चुकतं. पहिला प्रकार तुमच्या बाबतीत झाला, "बायकांचं एवढं असतंच". गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना तो आहे हे खरं आहे, पण म्हणून तो नॉर्मल होत नाही. दुसरा प्रकार याच्या बरोबर उलटा. "अहो, रक्त कमी आहे ना, मग दम लागणारच" म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून द्यायच्या आणि फाइल बंद करायची. हा दुसरा प्रकार मला जास्त काळजीचा वाटतो. आपल्या भागात थकलेल्या कुठल्याही चार बायकांचं रक्त तपासलं, तर दोघी-तिघींचं कमीच निघेल. इतकी सहज सापडणारी गोष्ट सापडली की शोध तिथेच थांबतो, आणि तिच्यामागे दुसरं काही असेल तर ते तसंच राहतं.

म्हणून मी ९.८ बघितलं की दोन गोष्टी विचारतो. हे आधीपासून एवढंच होतं का? आणि जेवढा दम लागतोय, तेवढा लागायला ९.८ पुरेसं आहे का?

पहिल्यासाठी घरातली जुनी फाइल काढा. बाळंतपणाचे कागद, कुठल्या शिबिरातली तपासणी, विम्यासाठी काढलेला रिपोर्ट, काहीही चालेल. समजा दोन-तीन वर्षांपूर्वीही हिमोग्लोबिन १० च्या आसपासच होतं आणि तेव्हा वहिनी दोन मजले सरळ चढत होत्या, तर आजच्या दमाचं खापर एकट्या रक्तावर फोडता येणार नाही. हळूहळू कमी झालेल्या रक्ताला शरीर सरावतं. अशा बायका घरचं, शेतातलं सगळं काम ओढत असतात. याउलट वर्षभरापूर्वी १२.५ असेल आणि आता ९.८ असेल, तर दम लागणं समजण्यासारखं आहे. पण मग रक्त गेलं कुठे हे शोधावं लागेल. व्हायरल तापात हिमोग्लोबिन थोडं उतरू शकतं, मात्र साडेतीन महिन्यांत ते सावरायला हवं. एवढं खाली आलं आणि खालीच राहिलं असेल, तर मी आधी पाळीबद्दल विचारतो. किती दिवस जातं, गाठी पडतात का, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का. चाळिशीत अंगावरून जास्त जाणं इतकं सर्रास आहे की बायका ते तक्रार म्हणून सांगतच नाहीत, मुद्दाम विचारावं लागतं. दुसरं विचारतो ते तापानंतर अंग आणि सांधे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांबद्दल. चिकुनगुनियाचा ताप असेल तर या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. पोटाच्या आतल्या अस्तराला त्यांनी जखम होते, थोडं थोडं रक्त जात राहतं, आणि बाहेर फक्त शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतं. लोहाची गोळी चालू असली तरी शी काळी होते, त्यामुळे गोळी सुरू होण्याआधी रंग कसा होता हे आठवून बघा. मूळव्याधीतून रक्त पडत असेल तर तेही सांगायला लाजू नका.

दुसरी गोष्ट, ९.८ पुरेसं आहे का. याला काटेकोर सीमारेषा नाही, वय आणि कामावर बरंच अवलंबून असतं. पण वर्षानुवर्षांच्या अनुभवातून माझा एक अंदाज बसला आहे. या पातळीला चढावर, जिन्यावर, जड उचलताना दम लागू शकतो, छातीत धडधडतं आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं. बसल्या जागी दम, आडवं झाल्यावर दम किंवा खोकला, मध्यरात्री गुदमरून उठणं, बोलताना वाक्य तुटणं, पायावर सूज, यांतलं काहीही असेल तर ९.८ हे त्याचं कारण म्हणून पुरत नाही. तिथे हृदय आणि फुफ्फुस बघावंच लागतं.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. तासगावकडची एक रुग्ण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय छत्तीस, द्राक्षबागेत कामाला जाणारी. पावसाळ्यात व्हायरल ताप झाला, ताप गेला, दम राहिला. हिमोग्लोबिन ९.४. गावात लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिने त्या नेमाने घेतल्या. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झालं, म्हणजे औषधानं आपलं काम चोख केलं होतं. तरीही ऑक्टोबर छाटणीच्या वेळी ती इतर बायकांच्या मागे पडत होती. नवऱ्याला वाटलं अजून अशक्तपणाच आहे, म्हणून सलाईन लावायला नेलं. पहिल्या बाटलीनंतर विशेष काही झालं नाही. आठवड्यानं दुसरी लावली, ती निम्मी गेली आणि तिला एकदम कोंडल्यासारखं झालं. ती उठून बसली, बाटली काढली, तासाभरात हळूहळू बरं वाटलं.

माझ्याकडे आली तेव्हा तिनं स्वतःहून सांगितलं ते एवढंच, "काम होत नाही." मी विचारलं, रात्री झोपताना कसं? तर म्हणाली, "जेवून आडवं झालं की खोकला येतो बघा, उठून बसलं की थांबतो." किती उशा घेतेस, तर दोन, आणि दोन महिन्यांपासून. तापाआधी एक घ्यायची. बसलेल्या स्थितीत नाडी १०४ होती. रक्त ११.६ असताना, ताप नसताना एवढी नाडी का? तिला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, पंखा बंद केला, आणि स्टेथोस्कोपची लहान, घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकावर हलकीच टेकवली. दोन ठोक्यांच्या मधल्या शांत जागेत खोल, गुरगुरल्यासारखा आवाज येत होता. हा आवाज इतका खालच्या पट्टीतला असतो की गजबजलेल्या ओपीडीत, रुग्ण बसलेला असताना, साडीवरून ऐकला तर तो ऐकूच येत नाही.

टूडी एकोत मायट्रल झडप अरुंद निघाली. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यातली ही झडप, जिचं तोंड साधारण ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, ते तिचं १.१ होतं. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर सांधे सुजतात आणि ताप येतो, त्या संधिवाताच्या तापातून झडपेला इजा होते आणि ती वर्षानुवर्षं आकसत जाते. पुष्कळांना तो बालपणचा ताप आठवतही नाही, हिलाही आठवत नव्हता.

आता प्रश्न असा की झडप वीस वर्षं आकसत होती, तर त्रास नेमका व्हायरलनंतरच का सुरू झाला? चारीचं दार अर्धवटच उघडत असेल, तर पाणी पुढे जायला जास्त वेळ द्यावा लागतो, आणि वेळ कमी केला की पाणी मागे तुंबतं. तापात आणि रक्त कमी असताना नाडी वाढते. नाडी वाढली की दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो, अरुंद झडपेतून रक्त पुढे सरकायला उसंत मिळत नाही, आणि ते मागे फुफ्फुसात साठतं. दम तिथून येतो. सलाईननं नेमकं याच तुंबलेल्या जागी आणखी पाणी घातलं. म्हणजे व्हायरल खरा होता, रक्तक्षयही खरा होता आणि दोघांनी त्रासात भर घातली होती. पण गोळ्यांनी रक्त भरून निघाल्यावरही जो दम उरला, तो झडपेचा होता. नाडी सावकाश करणारी आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी सुरू केल्यावर ती आठवड्यात एका उशीवर आली. पुढे फुग्यानं झडप उघडण्याची प्रक्रिया झाली, आणि झडपेला पुन्हा इजा होऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं.

वहिनींना हेच असेल असं मी अजिबात म्हणत नाही. बहुतेक शक्यता अशी की त्यांना हे नसेल. पण या उदाहरणात "फक्त रक्त कमी आहे" हे कुठे पुरत नव्हतं ते दिसतं. हिमोग्लोबिन वाढलं आणि दम वाढलेल्या रक्ताच्या प्रमाणात कमी झाला नाही. झोपताना त्रास होता. विश्रांतीतली नाडी जलद होती. या तीन गोष्टी तुम्ही घरी बघू शकता.

सलाईनबद्दल इथेच स्पष्ट सांगतो. थकव्यासाठी सलाईनचा उपयोग नाही. त्यात मुख्यतः पाणी, मीठ किंवा साखर असते, आणि पिवळा रंग येतो तो जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचा. तोंडानं खाता-पिता येणाऱ्या माणसाला त्यातून काहीही विशेष मिळत नाही. चार दिवस बरं वाटतं त्यात दोन तास आडवं पडून मिळालेल्या विश्रांतीचा वाटा मोठा असतो. हृदयाचं दुखणं नाही हे कळेपर्यंत तिसरं सलाईन लावू नका.

आता एक्स-रे. नॉर्मल एक्स-रे ही चांगली बातमी आहे. न्यूमोनियाचे मोठे डाग, फुफ्फुसाभोवतीचं पाणी, उघड दिसणारा टीबी, फार वाढलेलं हृदय यांची शक्यता त्यानं बरीच कमी होते. पण दमाच्या दोन कारणांत एक्स-रे बऱ्याचदा नॉर्मल येतो. त्यातलं पहिलं खूप सामान्य आहे. व्हायरलनंतर श्वासनलिका काही आठवडे, कधी काही महिने हुळहुळ्या राहतात. फोडणीचा ठसका, गार वारा, उसाचं पाचट पेटवल्याचा धूर, उदबत्ती, यांनी खोकला आणि छाती आवळल्यासारखं होतं, रात्री किंवा पहाटे जास्त होतं, शिट्टीसारखा आवाज येतो. कधी लपलेला दमाच यानिमित्तानं वर येतो. त्यासाठी फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, औषधाचा पंप देण्याआधी आणि दिल्यानंतर करतात. दुसरं कारण कमी आढळतं पण गंभीर आहे, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी. अंथरुणाला खिळल्यानंतर किंवा कोविडनंतर ती होऊ शकते. दम एका दिवशी अचानक सुरू झाला, श्वास घेताना छातीत टोचतं, किंवा एकच पोटरी सुजून दुखते, असं असेल तर हा विचार करावा लागतो. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं असेल, तर एक्स-रे कसाही असो, थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

घरी ऑक्सिजन बघायचं यंत्र असेल तर नुसतं बसून बघू नका, ते बसून बहुतेकांचं चांगलंच येतं. नेलपेंट काढा, हात गार असतील तर चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मग वहिनींना सपाटीवर आपल्या नेहमीच्या चालीनं सहा मिनिटं चालू द्या आणि लगेच पुन्हा बघा. बसून ९७ आणि चालून ९६ असेल तर चिंता नाही. चालून चार किंवा जास्त अंकांनी खाली येत असेल, आणि पुन्हा करून बघितल्यावरही तसंच दिसत असेल, तर एक्स-रे नॉर्मल असला तरी फुफ्फुसाच्या डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागीच दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर मात्र ही चाचणी घरी करू नका.

मग निव्वळ व्हायरलनंतरचा अशक्तपणा कसा ओळखायचा? तो असतोच, त्याला मनाचे खेळ म्हणणं चुकीचं आहे. माझ्या बघण्यात त्याची चाल अशी असते. थकवा जास्त, दम कमी. दिवसागणिक वर-खाली होतं, पण महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी केली तर थोडं का होईना पुढे सरकलेलं असतं. म्हणून मी "आज कसं वाटतंय" असं विचारत नाही. पहिल्या महिन्यात जिन्यावर कितीदा थांबावं लागायचं आणि आता कितीदा, असं विचारतो. बहुतेक जण दोन-तीन महिन्यांत सावरतात, काहींना सहा महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आलेख आडवाच असेल किंवा खाली जात असेल, तर "व्हायरलच आहे, जाईल" म्हणून थांबणं मला पटत नाही.

या अशक्तपणाचा एक प्रकार वेगळा ओळखावा लागतो, कारण त्याचा उपचार उलटा आहे. काही जणांना काम करताना फारसं काही होत नाही. लग्नाला जाऊन येतात, एक दिवस घर आवरतात, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी अंथरुणावरून उठवत नाही. अंग ठणकतं, डोकं जड, झोपून उठलं तरी ताजं वाटत नाही. असं वारंवार होत असेल तर "रोज थोडं जास्त चाल, ताकद येईल" हा सल्ला त्रास वाढवतो. त्यांनी आधी कामाची मात्रा तिथपर्यंत खाली आणायची की नंतरचे दोन दिवस कोसळायला होत नाही, आणि तिथे टिकल्यावरच अगदी थोडं वाढवायचं. याउलट ज्यांचे स्नायू नुसते पडून राहिल्यानं सैल पडले आहेत, त्यांना दुसऱ्या दिवशी असा फटका बसत नाही, आणि रोज सपाटीवर दहा मिनिटांपासून चालणं वाढवत नेलं की त्यांचा दम महिन्याभरात सुधारतो. हा फरक रक्ताच्या कुठल्याही तपासणीत कळत नाही. पंधरा दिवस वहीत लिहा, आज काय काम केलं आणि पुढचे दोन दिवस कसे गेले. त्यातून कळतं. आणि मात्रा कमी करायची तर घरातलं काम कुणीतरी दुसऱ्यानं उचलावं लागतं, हे तुम्हाला सांगायला हवं. पाण्याचे हंडे, भाजीच्या पिशव्या, गॅसची टाकी आणि जिन्याच्या फेऱ्या तुमच्याकडे घ्या.

अजून एक खूण. काही जण म्हणतात, "पूर्ण श्वास आतच जात नाही," आणि बसल्या बसल्या सारखे उसासे टाकतात, पण जिना मात्र व्यवस्थित चढतात. हा श्वासाची लय बिघडल्याचा प्रकार असतो. फिजिओथेरपिस्टकडून पोटानं सावकाश श्वास घ्यायला शिकलं की तो सुधारतो. वहिनींचा दम जिन्यावर आहे, म्हणून मी हे पहिल्यांदा धरणार नाही.

तुमच्या जागी असतो तर काय क्रमानं करेन ते सांगतो. सध्याचाच सीबीसीचा कागद हातात घ्या आणि हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, बघा. ८० पेक्षा कमी असेल तर बहुधा लोह कमी आहे. १०० च्या वर असेल तर बी१२ किंवा थायरॉइडकडे नजर जाते. मधला आकडा आला म्हणजे सगळं ठीक असंही नाही, कारण लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील तर दोन्ही बाजूंची ओढ बरोबरीत येऊन आकडा नॉर्मल दिसतो. शाकाहारी घरात हे मी नेहमी बघतो. म्हणून लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि बी१२ दोन्ही करून घ्या. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोह संपल्याचं नक्की, आणि ३० पर्यंत असलं तरी थकलेल्या बाईला मी लोह देतो. ताप असताना फेरिटिन खोटं वाढतं, पण आता साडेतीन महिने झाले आहेत, त्यामुळे हरकत नाही. सोबत थायरॉइडसाठी टीएसएच, साखर आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. एवढं एकाच वेळच्या रक्तात होतं. एमसीव्ही खूपच कमी, पण लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, असं दिसलं तर थॅलेसेमिया मायनरची तपासणी आधी करावी, कारण त्यात लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नाही.

त्याच भेटीत ईसीजी काढून घ्या, आणि डॉक्टरांना विनंती करा की डाव्या कुशीवर झोपवून हृदय ऐका. रक्त कमी असताना हृदयात हलका आवाज ऐकू येऊ शकतो आणि तो रक्त भरल्यावर जातो, त्यामुळे आवाज आला म्हणजे झडप खराब असं लगेच समजू नका. टूडी एको आत्ताच करायचा तो या परिस्थितीत: झोपताना दम किंवा खोकला, पायावर सूज, बसल्या जागी नाडी सतत १०० च्या वर, नाडी अनियमित, ईसीजीत बदल, हृदयाचा संशयास्पद आवाज, किंवा लहानपणी सांधे सुजून ताप आल्याची माहिती. व्हायरलनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊन तो कमजोर होण्याचा प्रकारही यातच पकडला जातो. यांतलं काही नसेल, तर लोह सुरू करून सहा आठवडे थांबायला मी तयार असतो. पण तुम्हाला मनात धाकधूक राहणार असेल आणि खर्च परवडत असेल, तर या टप्प्यावर एको करून घेण्यात वावगं काही नाही. सीटी स्कॅन मात्र कारण नसताना करू नका.

लोह कमी निघालं तर गूळ-शेंगदाणे, बीट, डाळिंब, खजूर खायला हरकत नाही, पण त्यानं ९.८ चं १२ होणार नाही. एका गोळीत ६० ते १०० मिलिग्रॅम लोह असतं, आणि जेवणातून शरीरात शोषलं जातं ते एक-दोन मिलिग्रॅमच्या आसपास. गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा गोळीच्या आधी आणि नंतर निदान तासभर नको, कारण आपल्याकडे सकाळी गोळी आणि चहा एकत्रच जातात आणि निम्मी गोळी वाया जाते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. पित्ताची गोळी रोज चालू असेल तर ती खरंच लागते का ते विचारा, तिच्यामुळेही लोह कमी शोषलं जातं. मळमळ होत असेल तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. एक दिवसाआडही लोह चांगलं शोषलं जातं आणि पोटाला त्रास कमी होतो.

यापुढची पायरी लोक विसरतात. गोळी सुरू केली त्या दिवशीच कॅलेंडरवर चार आठवड्यांनंतरच्या तारखेवर खूण करा आणि त्या दिवशी सीबीसी पुन्हा करा. निदान बरोबर असेल आणि गोळी पोटात जात असेल, तर हिमोग्लोबिन एक ते दोन अंकांनी वाढलेलं दिसायला हवं. वाढलं नाही, तर रक्त अजून जातंय, गोळी शोषली जात नाही किंवा निदान चुकलंय. तेव्हा गोळीचा ब्रँड बदलून काही होणार नाही, मूळ कारणच शोधायला हवं. गरज पडली तर शिरेतून लोह देता येतं. आणि हिमोग्लोबिन ११.५-१२ वर आलं तरी वहिनी पहिल्यासारख्याच जिन्यात थांबत असतील, तर तासगावच्या त्या बाईची गोष्ट आठवा. मग एको आणि स्पायरोमेट्री दोन्ही करून घ्यायची, पुढे ढकलायची नाहीत. सगळं छान झालं, तरी हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावर गोळी आणखी तीन महिने चालू ठेवायची, नाहीतर साठा रिकामाच राहतो. पाळीत जास्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय भरलेलं रक्त टिकणार नाही.

पुढच्या गोष्टींत तपासण्यांचा क्रम बघत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, गरज वाटली तर १०८ ला फोन करा: बसल्या जागी दम, छातीत दुखणं किंवा दाब, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, थुंकीतून रक्त, ऑक्सिजन बसून ९४ च्या खाली, एकच पाय सुजून दुखणं, आणि डांबरासारखी शी होऊन सोबत डोळ्यांपुढे अंधारी.

तपासण्या झाल्या की इथे कळवा. सोबत तीन गोष्टी लिहा: एमसीव्ही किती, जुन्या रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन किती, आणि वहिनी तापाआधी किती उशा घ्यायच्या नि आता किती घेतात. उशांचं त्यांनाच विचारा, तुमच्या अंदाजानं लिहू नका.